एका नंबरावरचे पाच जीव

गोदामात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट काही केल्या सहन होत नाही. एकच माल दोन ठिकाणी मांडलेला. गोदाम बंद पडलं, नोकरी गेली, केस पिकले, पण ही खोड काही गेली नाही. म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. नव्या कचेरीत सगळे त्यांना गोदामकाकाच म्हणत.

कचेरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. काम साधं आणि मोठं पुण्याचं. गावात एकट्याने नाहीतर दोघंच राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी आठनंतर फोन करायचा. "झोप लागली का? काही हवं का?" एवढंच विचारायचं. फोन उचलला नाही की पुन्हा करायचा, तरी उचलला नाही की कुणाला तरी दारावर पाठवायचं. ज्याचं नाव यादीत, त्याची रोज कुणीतरी वास्तपुस्त करणार. ज्याचं नाव यादीत नाही, तो पडला काय आणि झडला काय, कळणार कुणाला?

ही यादी अकरा वर्षं हे फोन करणाऱ्या मावशींच्या फोनमध्ये होती. मावशींच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, त्यांनी काम सोडलं, आणि शुक्रवारी दुपारी कचेरी चालवणाऱ्या बाईंनी त्यांच्या फोनमधले सगळे नंबर फाइल करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. बाईंना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. एक हात गालावर, दुसरा पर्समध्ये.

"काका, हे जरा स्वच्छ करून ठेवा. उद्यापासून नवी पोरगी यावरून फोन लावेल, सोमवारी नव्या मशीनमध्ये भरायचंय."

"स्वच्छ म्हणजे?"

"म्हणजे स्वच्छ हो," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या. दुखऱ्या दाताच्या माणसाला दुसऱ्यांदा विचारू नये, हे काकांना ठाऊक होतं.

फाइल उघडली आणि काकांना आपलं जुनं गोदामच दिसलं, तेही पुराच्या दुसऱ्या दिवशीचं. दोनशे एकतीस ओळी. त्यात साठेक म्हातारी माणसं, बाकी त्यांची लेकरं, डॉक्टर, कुलूपवाला, रुग्णवाहिका. सकाळी ज्यांना फोन करायचा त्यांच्या नावापुढे मावशींनी 'स' लावलेला. नंबर मात्र हजार तऱ्हांचे. काहींच्या पुढे अधिकचं चिन्ह आणि देशाचा आकडा, काहींच्या पुढे तोच आकडा दोन शून्यांनंतर, काहींना एकच शून्य, काहींना तेही नाही. कुठे मध्ये जागा सोडलेली, कुठे आडव्या रेघा, कुठे कंस. आणि दहाबारा नंबर तर कॉम्प्युटरने स्वतःच खाऊन टाकलेले. पुढचा शून्य गायब, आणि लांबलचक आकड्याच्या जागी 'E' घातलेलं काहीतरी गणित.

काका घाबरले नाहीत. आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवली. गोदामाचा पहिला नियम, जुनी वही फाडायची नाही. मग मूळ फाइल पुन्हा उघडली, पण या वेळी नंबरांचा रकाना आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून घ्यायला सांगितला. खाल्लेले शून्य परत आले, गणितं पुन्हा नंबर झाली. मग शेजारी नवा रकाना करून त्यात जागा, रेघा, कंस काढून टाकले, सगळ्या मोबाइल नंबरांना पुढे सारखाच देशाचा आकडा लावला. घरच्या फोनांना गावाचा आकडा जोडला. आता सगळे नंबर एका रांगेत उभे राहिले, आणि जुळी भावंडं आपोआप शेजारी आली.

आणि जुळी होती तरी किती! 'घड्याळवाले' आणि 'घड्याळवाले नवीन', नंबर तोच, फक्त एकाला शून्य. 'बँकेतले आजोबा' तीनदा. मावशींना नंबर आधीच आहे का हे बघायची सवय नव्हती. कुणी पुन्हा सांगितला की पुन्हा लिहायच्या, आणि त्या दिवशी जे नाव सुचेल ते द्यायच्या. नाव सारखं पण नंबर वेगळा, अशा जोड्यांना मात्र काकांनी हात लावला नाही. 'आजी निळं दार' दोन होत्या. गावात निळी दारं दोन असू शकतात, एवढं कळायला गोदाम लागत नाही.

मग आल्या तेवीस जागा. नंबर एक, नावं निरनिराळी. इथे काकांनी क्षणभर माऊसवरून हात काढला. पण गोदामाने बावीस वर्षं शिकवलं होतं, कोड एक तर माल एक. खोक्यावर कुणी काही खरडलं असेल, कोड खोटं बोलत नाही. त्यांनी तेवीसही जागा एक केल्या, त्यातलं सगळ्यांत लांब नाव ठेवलं. एका नंबरावर तर पाच नावं होती: 'मास्तर', 'शिंपीणबाई', 'आजी मांजरवाल्या दुसरा मजला', 'लंगडे काका', 'पेपरवाल्या आजी'. काकांना हसू आलं. मावशी एका माणसाला पाच नावांनी हाक मारतात, हौस दांडगी!

संध्याकाळी ओळी राहिल्या एकशे अठ्ठावन्न. झाडून काढलेल्या अंगणासारखी यादी. काका घरी गेले ते शीळ घालतच.

शनिवारी सकाळी फोन लावणारी पोरगी हेडफोन काढत उठली. सव्वानऊ झाले होते.

"झालं सुद्धा?" काकांनी विचारलं.

"झालं की. मावशींना दहा वाजायचे."

"त्या गप्पा मारायच्या."

"मीपण मारल्या. बँकेतल्या आजोबांनी मला त्यांच्या नातसुनेची तक्रार सांगितली, अख्खी. तुमची यादी झकास आहे काका. एका माणसाला दोनदा फोन नाही, कुणी खेकसलं नाही."

कौतुक ऐकून माणूस फुलतो. काकाही फुलले, पण अर्धेच. गोदामात मालाची मोजणी ठरल्या वेळेआधी संपली की त्यांचे जुने साहेब आनंदत नसत. म्हणत, "एखादी मांडणी राहिली असेल, बघा." आणि हटकून राहिलेली असायची.

काकांनी बाजूला ठेवलेली जुनी फाइल उघडली. या वेळी नंबर मोजले नाहीत. 'स' मोजले. मग नव्या यादीतले मोजले. फरक पडणारच होता, दोनदा लिहिलेले गेले होते. पण कुणाला दोनदा लिहिलं होतं आणि कुणाला एकदाच, हे नंबर बघून कळणार नव्हतं. त्यांनी मावशींना फोन लावला.

"मावशी, डोळे कसे आहेत?"

"एकावर पट्टी आहे, दुसऱ्याने तुमच्यावर लक्ष आहे. बोला."

"ते मास्तर, शिंपीणबाई, मांजरवाल्या आजी. एकच ना हो?"

मावशी सावकाश म्हणाल्या, "एक कसे असतील बाबा? मास्तरांना मिशा आहेत."

"पण नंबर एकच आहे."

"तो खालच्या शेजारणीचा. त्या इमारतीत पाच जण एकेकटे. कुणाला ऐकू येत नाही, कुणाकडे फोनच नाही. चाव्या सगळ्यांच्या तिच्याकडे. मी तिला फोन करायचे, ती वर जाऊन पाच दारं वाजवायची, मग एकेकाचं नाव घेऊन मला सांगायची. त्यालाच तर वेळ लागायचा." मग आवाज बदलला. "काका, आज कुणाकुणाचं विचारलंत?"

काकांनी पोरीकडे बघितलं. पोरगी आठवून म्हणाली, "त्या बाईंना मी मांजरवाल्या आजींचं विचारलं. त्या म्हणाल्या बऱ्या आहेत. मी ठेवला."

साडेनऊ वाजून गेले होते. काकांनी शेजारणीला स्वतः फोन लावला.

"बाकीचे चौघे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही एकीचंच विचारलंत," शेजारीण म्हणाली. "मला वाटलं मावशी गेल्या, तुम्ही आता एकीलाच ठेवलंत. नवीन माणसं, नवीन पद्धत."

"नाही हो ताई. चूक माझी आहे. फोन तसाच चालू ठेवता? मी इथेच आहे."

चपलांचा आवाज. किल्ल्यांचा खुळखुळाट. जिना. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, पोरगी शेजारी येऊन उभी राहिली. पहिलं दार. "लंगडे काका बरे आहेत, चिडलेत." दुसरं. "शिंपीणबाई बऱ्या." तिसरं. "पेपरवाल्या आजी म्हणतात आज इतका उशीर का." चौथं दार वाजलं. पुन्हा वाजलं. काका मनातल्या मनात देवाला म्हणत होते, बाबा रे, माझ्या शहाणपणाची शिक्षा दुसऱ्याला देऊ नकोस. तिसऱ्यांदा दार वाजलं, किल्ली फिरली.

मग शेजारणीचा आवाज आला, दबका. "मास्तर इथेच बसलेत. दाराशी, खुर्चीवर. इस्त्रीचा सदरा घालून."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. रोज दार वाजायच्या आधी सदरा घालून बसतात. आज वाजलं नाही म्हणून बसूनच राहिले. चहासुद्धा केलेला नाही." ती पुढे म्हणाली, "विचारतायत, नाव कमी झालं का."

पोरगीच पुढे झाली. "त्यांना सांगा, नाही झालं. चहा करा म्हणावं."

दुपारी बाई आल्या, गाल सुजलेला. काकांनी काही लपवलं नाही, दोन्ही फायली समोर ठेवल्या. तेवीस जागांपैकी चौदा ठिकाणी खरोखर एकच माणूस होता. नऊ ठिकाणी नव्हता. एकीकडे शेजारीण, बाकी आठ ठिकाणी एका फोनवर दोघं, दोन बहिणी, नवरा-बायको. "बारा माणसं मी पुसली," काका म्हणाले. "आठांची खबर त्यांच्या जोडीदाराबरोबर मिळाली. चौघांना कुणी विचारलंच नाही."

बाईंनी गालावरचा हात काढला. "मी नुसतं स्वच्छ म्हणाले," त्या म्हणाल्या. "कशासाठी ते सांगितलंच नाही."

"मीही जिन्यात गाठून विचारायला हवं होतं."

दोघं शेजारी बसले. आता रकाने दोन झाले. एक माणसाचा, एक फोनचा, आणि फोन दुसऱ्याचा असेल तर तो कुणाचा, हे शेजारी. सारखा नंबर दिसला की मशीनने ओळी एक करायच्या नाहीत, फक्त खूण करायची. जिथे मावशींनाही नक्की आठवेना, तिथे काकांनी लिहिलं, 'विचारायचं'. ओळी एकशे सत्तर झाल्या. अंगण पहिल्यासारखं लखलखीत राहिलं नाही, पण त्यात आता सगळ्यांची पावलं होती.

रविवारी काकांना सुट्टी. तरी आठ वाजता ते कचेरीत हजर, आणि पोरीच्या आधी त्यांनीच तो नंबर लावला. शेजारणीने उचलला. काकांनी यादीवर बोट ठेवलं आणि एकेक नाव घेतलं. पाचवं नाव मास्तरांचं.

"दार वाजवण्याआधीच उघडलं त्यांनी," शेजारीण म्हणाली. "विचारतायत, आज फोनवर कोण आहे."

"सांगा, गोदामवाला आहे," काका म्हणाले. "आणि विचारा, चहा झाला का."