आठवर आलेला आकडा

मनकर्णाबाईंचं अँटिबायोटिक सहाव्या दिवशी बंद करायचं, असं डॉक्टर पौर्णिमांनी ठरवलं.

बार्शीटाकळीची ही भाजीवाली बाई लघवीच्या संसर्गानं अकोल्याच्या आयसीयूत आली, तेव्हा तिचा रक्तदाब औषधावर तगून होता. जंतुसंसर्गात रक्तात चढणारं प्रोकॅल्सिटोनिन तिसऱ्या दिवशी एक्कावन्नवर गेलं, मग सत्तावीस, चौदा, आणि आज आठ. सर्वात वरच्या आकड्यापासून ऐंशी टक्क्यांहून जास्त घट; एवढी झाली की औषध थांबवण्याचा विचार करता येतो. रक्तदाबाचं औषध दोन दिवसांपूर्वीच सुटलं होतं, रक्तात जंतू वाढले नव्हते.

गेल्या वर्षी परतवाड्याच्या जयवंताबाईंचा आकडाही असाच उतरला होता. पौर्णिमांनी औषध थांबवलं. पोटात पू दबून बसला होता, तो आकड्यानं दाखवला नाही. बाई गेली. म्हणून आज त्यांनी आधी सोनोग्राफी पुन्हा करून घेतली. पू नव्हता, मूत्रपिंडाला अडथळा नव्हता.

"आठ म्हंजे नॉर्मल आहे का?" मनकर्णाबाईंचा मुलगा श्याम विचारत होता.

"नाही. नॉर्मल म्हणजे झिरो पॉइंट पाचच्या खाली."

"मंग काहून बंद करून राहिले, मॅडम? कोर्स तं पुरा करा लागते ना."

"किती दिवस हे आधी ठरलेलं नसतं, श्यामभाऊ. आकडा रोज जवळपास निम्मा होऊन राहिला. आई जेवते, बोलते. त्या औषधानं तिला जुलाब लागलेत. गरज नसताना चालवलं तर उद्या जंतू त्याला दाद देणार नाहीत."

श्यामला पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप आला, एकशे एक. सिस्टर नीलम अँटिबायोटिकची बाटली घेऊनच उभी होती. "सुरू करू?"

पौर्णिमांचा हात पुढे गेला, थांबला. त्यांनी बाईंना नखशिखांत तपासलं. रक्तदाब ठीक, लघवी भरपूर, श्वास शांत. औषधासाठी मानेत घातलेल्या नळीच्या तोंडाशी मात्र कातडी लाल. नळी काढली, जंतू वाढतात का बघायला रक्त कल्चरला पाठवलं, प्रोकॅल्सिटोनिन पुन्हा मागवलं.

"आकडा चढला किंवा रक्तदाब पडला, तर त्याच मिनिटाला सुरू करायचं," त्या म्हणाल्या. "तोवर दर तासाला बघायचं."

श्याम दारात उभा होता. 

संध्याकाळी आकडा आला, साडेचार. पौर्णिमा खुर्चीत बसल्या. नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही, हे जयवंताबाईंनी शिकवलं होतं, म्हणून दर तासाची तपासणी रात्रभर चालूच ठेवली. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, कल्चर कोरं निघालं. नवव्या दिवशी मनकर्णाबाई वॉर्डात गेल्या.

जाताना श्यामनं विचारलं, "आकडा वाढला असता तं?"

"औषध दिलं असतं."

"वाचली असती?"

"ते मले सांगता येत नाही, भाऊ."

त्यानं मान हलवली आणि आईची पिशवी उचलली.