नियंत्रणाला तिप्पट वजन

चितेगावच्या कारखान्यात ठिबकचे व्हॉल्व्ह बनत. ते केनियात विकायचे कसे, हे ठरवायला हिशेबनीस दमयंतीनं तीन मार्गांना जोखीम, नियंत्रण आणि खर्च यांवर पाचपैकी गुण दिले. जोखीम आणि खर्च कमी, तर गुण जास्त. इथून निर्यात पहिली आली, स्थानिक भागीदारी दुसरी, तिथं स्वतःची कंपनी शेवटची.

मालक तात्यासाहेबांना हा घोर अन्याय वाटला. नैरोबीतल्या कंपनीचं संचालकपद त्यांनी जावयाला कबूलसुद्धा करून टाकलं होतं.

"नियंत्रणाला तिप्पट वजन द्या, बाई," ते उदारपणे म्हणाले. "आपली कंपनी म्हंजे आपला शब्द!"

तिनं दिलं. स्वतःची कंपनी सतरा, स्थानिक भागीदारी पंधरा, निर्यात तेरा. तात्यासाहेबांनी लगेच पेढे मागवले. दमयंतीला मात्र कारखान्याची सगळी पुंजी विमानात बसलेली दिसली.

"जावईबापूंनी हिशेब पाठवलाच नाही, तर त्यांना रागावणार कोण?" तिनं हळूच विचारलं.

"जावयाला रागवायचं? अहो, अधिकात पाय धुतो आम्ही त्यांचे!"

"मग तिथं नियंत्रणाला पाचाऐवजी किती गुण ठेवू?"

तात्यासाहेबांनी हातातला पेढा खाली ठेवला. "ठेवा एक."

सतराचे पाच झाले.

"भागीदारच बघा मग," ते म्हणाले. "त्याला निदान दटावता तरी येईल."