नोंदणीतलं नाव

अर्ज मी तीनदा लिहिला. पहिला खर्डा नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, "यात तुला काय काय जमत नाही हेच जास्त आहे. नोकरी मागतेस की नाकारतेस?"

त्याचं म्हणणं, सगळं येतं असं ठोकून द्यावं, पुढचं पुढे. मी त्याला म्हटलं, तुमच्या छापखान्यात चूक झाली तर कागद फाडता येतो, माझ्याकडे माणसाचा गुडघा असतो. त्यावर तो म्हणाला, निदान शेवटी 'आपली कृपाभिलाषी' तरी लिही. ते मी लिहिलं नाही. तिसऱ्या वेळी जे पाठवलं ते असं होतं:

"महोदया, तुमच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्टची जागा रिकामी असल्याचं कळलं. माझी पदवी साडेचार वर्षांची आहे, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. त्यानंतर सात वर्षं हॉस्पिटलात काम केलं. मग घरच्या आजारपणामुळे सहा वर्षांचा खंड पडला. फिजिओथेरपी कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण या वर्षी करून घेतलं आहे, क्रमांक खाली देत आहे. पक्षाघाताचे, गुडघा किंवा खुबा बदललेले, फ्रॅक्चरनंतर सांधे आखडलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. लहान मुलं आणि खेळाडू इंटर्नशिपनंतर पाहिलेले नाहीत, तेव्हा ते एकटीने घेणार नाही. होम व्हिजिटला सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात, स्कूटरने अर्ध्या तासाच्या अंतरात जाईन. लिफ्ट नसली तरी चालेल. डॉक्टरांचे कागद वाचल्याशिवाय मात्र पेशंटला हात लावणार नाही."

खंड म्हणजे सासूबाई. त्यांची उजवी बाजू गेली होती. सहा वर्षं माझा एकच पेशंट होता आणि तो अत्यंत भांडकुदळ होता. आता त्या काठी घेऊन घरभर फिरतात, स्वतःची आंघोळ स्वतः करतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. माझं काम संपलं, तसं मला घर खायला उठलं. ही जागा मला हवी होती, फार हवी होती. आणखी एक वर्ष घरी गेलं असतं तर फिजिओथेरपिस्ट असल्याचं मीच विसरले असते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी. "तुमच्या नावाची नोंद कौन्सिलच्या यादीत आढळत नाही. कृपया पुन्हा संपर्क साधू नये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोगस? सात वर्षं वॉर्डात लोकांचे पाय उचलून माझी कंबर गेली आणि मी बोगस? नवरा म्हणाला, जाऊ दे, दुसरीकडे बघू. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. माझा आवाज जरा खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "यादीत कुठलं नाव आहे तुझं?"

"कुठलं म्हणजे? माझंच."

"लग्नाआधीचं की नंतरचं?"

पदवी लग्नाआधीची, नोंदणीही लग्नाआधीची. हॉस्पिटलातही शेवटपर्यंत त्याच नावाने हजेरी लागली. पुढे बँकेत, रेशनच्या कागदांवर, मुलीच्या शाळेत सगळीकडे नाव बदललं, कौन्सिलमध्ये बदलायचं राहिलं. नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये क्रमांक टाकला की जुनं नाव आपोआप येतं, मी 'पुढे' दाबत गेले. आणि अर्जाखाली सही ठोकली ती नव्या नावाची. चूक सरळसरळ माझी होती. त्यामुळे राग आणखीच वाढला, कारण आता तो कोणावर काढता येत नव्हता.

"संपर्क करू नका म्हणालेत," मी म्हटलं.

"फोन करू नकोस मग," सासूबाई म्हणाल्या. "जाऊन उभी राहा."

फाइल घेतली आणि गेले. क्लिनिक तळमजल्यावर होतं. पडदे लावलेल्या दोन कॉट, भिंतीला खांद्याच्या व्यायामाची कप्पी, चालायला शिकवायचे दोन समांतर दांडे आणि खिळ्याला टांगलेले रंगीत रबरी पट्टे. दांड्यांची उंची एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त होती. माझा हात शिवशिवला, पण मी तो फाइलवरच ठेवला.

मालकीण स्वतः फिजिओथेरपिस्ट, वय पासष्टीचं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. मी नाव सांगताच त्यांनी चष्मा काढला.

"मी लिहिलं होतं की संपर्क करू नका."

"वाचलं. तुम्ही नाव शोधलंत, क्रमांक शोधला नाहीत. मला बोगस ठरवायचं तर नीट शोधून ठरवा."

बोलून गेले आणि जीभ चावली. नोकरी मागायला आलेल्या माणसाने असं बोलू नये हे मला माहीत आहे, फक्त वेळेवर आठवत नाही. फाइल उघडून मी एकेक कागद टेबलावर मांडला. पदवी, नोंदणीचं प्रमाणपत्र, नूतनीकरणाची पावती आणि सगळ्यात शेवटी लग्नाचा दाखला. बाईंनी संगणकावर क्रमांक टाकला. माझं जुनं नाव आलं, दोन वेण्यांतला फोटो आला आणि नोंदणी चालू असल्याची तारीख आली. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी. पण शोधायची पद्धत तुमची."

त्या हसल्या नाहीत, मात्र समोरची खुर्ची दाखवली. मग सांगितलं. या जागेवर आधी जो होता त्याने 'सगळ्या प्रकारचे रुग्ण, कधीही, कुठेही' असं लिहून दिलं होतं. बाईंनी पदवी पाहिली, नोंदणीचा क्रमांक मात्र तपासायचा राहिला. तो क्रमांक दुसऱ्याच कोणाचा निघाला आणि पदवीही खोटी छापलेली. आठ महिने तो माणूस त्यांच्या पेशंटच्या घरी जात होता. "ताकही फुंकून पितेय मी आता," त्या म्हणाल्या. "तुमच्या अर्जात काय जमत नाही ते लिहिलेलं पाहून बरं वाटलं होतं. म्हणून तर नाव सापडलं नाही तेव्हा जास्त चिडले."

मग त्यांनी एक फाइल माझ्याकडे सरकवली. चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झालेले एक काका. डावी बाजू कमजोर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तो बोगस माणूस त्यांच्याकडेच जायचा. आता काका व्यायामाला तयार नाहीत, घरचे म्हणतात हट्टी झालेत. बाईंना स्वतः जायचं होतं, पण त्यांचे गुडघे तीन मजले चढत नव्हते. "तुम्ही जा. बघा, आणि तिथूनच मला फोन करा. मग ठरवू."

मी तिथेच बसून डॉक्टरांचे कागद वाचले. व्यायामाला परवानगी होती, रक्तदाबाच्या मर्यादा लिहिलेल्या होत्या. अकरा वाजता मी जिने चढले.

दार काकूंनी उघडलं, पण साखळी काढली नाही. "प्रमाणपत्र दाखवा." फटीतून मी ते आत दिलं. काकूंनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. "क्लिनिकमधून फोन आला तेव्हा नाव वेगळं सांगितलं होतं."

आता हसावं की रडावं? मी लग्नाचा दाखलाही फटीतून सरकवला. लग्नाचा दाखला दाखवून पेशंटच्या घरात शिरलेली फिजिओथेरपिस्ट जगात मी एकटीच असेन. दोन्ही कागद जुळवून झाल्यावर साखळी निघाली.

काका खोल, मऊ सोफ्यात रुतून बसले होते. डावा हात मांडीवरून खाली लोंबत होता. मी नमस्कार केला तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रोज असंच," मुलगा म्हणाला. पस्तिशीचा, धिप्पाड आणि दमलेला. "उठायचंच नाही म्हणतात. मीच उठवतो रोज सकाळी. दाखवू?"

त्याने वाकून वडिलांचा डावा हात मनगटाशी धरला आणि ओढणार तोच मी ओरडले, "थांबा."

सगळेच दचकले. मी जवळ जाऊन काकांचा खांदा चाचपला. खांद्याचं वरचं हाड आणि दंडाच्या हाडाचं टोक यांच्यामध्ये माझं एक बोट बसेल एवढी फट होती. कमजोर हाताला धरून ठेवायला स्नायू उरलेले नसतात, तो नुसत्या वजनानेही खाली सरकतो. त्यात रोज सकाळी या धिप्पाड, प्रेमळ मुलाने वडिलांना त्याच हाताने ओढून उभं केलं होतं. मुलाने सांगितलं, त्या बोगस माणसाने हीच रीत शिकवली होती, आणि तो स्वतः खांद्यावर मशीन लावून मोबाइल बघत बसायचा.

"काका, दुखतं ना?"

त्यांनी मान हलवली. आणि मग चार महिन्यांत कोणी न विचारलेलं त्यांनी तुटक शब्दांत सांगितलं. "रात्री... झोप नाही. सांगता... येत नव्हतं."

मुलाला रडू आवरेना. मी त्याला रडू दिलं, पण फार वेळ नाही, कारण मला त्याची ताकद हवी होती. टेबलाशी हात असलेली एक टणक, उंच खुर्ची होती, ती आणायला लावली. काकांना कमरेला आधार देऊन आम्ही तिच्यात बसवलं. डाव्या हाताखाली उशी ठेवली. रक्तदाब मोजला, तो मर्यादेत होता. त्यांची पावलं गुडघ्यांच्या जरा मागे सरकवली, डावं पाऊल जमिनीवर सपाट टेकवलं आणि माझा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला लावून मी पुढ्यात बसले.

"आता कोणी हात ओढणार नाही. तुम्ही फक्त पुढे वाका. नाक पायाच्या बोटांच्याही पुढे येऊ दे. घाई नाही."

पहिल्यांदा ते अर्ध्यावरून मागे बसले. दुसऱ्यांदाही. काकू म्हणाल्या, "राहू द्या हो आज." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा त्यांनी उजवा हात खुर्चीच्या हातावर रोवला, पुढे वाकले, माझ्या गुडघ्यावर त्यांचा गुडघा दाबला गेला आणि ते वर आले. सावकाश, थरथरत, पण पूर्ण. माझे हात त्यांच्या कमरेपासून चार बोटं लांब होते. मी मनात दहापर्यंत मोजलं आणि मग त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. आणखी पाच अंक उभे राहिले, माझ्या नाकावर टिच्चून.

एवढा आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. मी ओठ दाबून पुन्हा रक्तदाब मोजला, मुलाला कंबर कशी धरायची ते दोनदा करून दाखवलं, डावा हात कोणीही ओढायचा नाही असा कागद लिहून सोफ्याच्या वर चिकटवला, आणि जिन्यात येऊन बाईंना फोन लावला. खांद्याचं सांगितलं, डॉक्टरांना दाखवायला हवा हेही सांगितलं.

"आणि उभे राहिले?"

"पंधरा सेकंद."

"कोणी उचललं?"

"कोणीच नाही."

पलीकडे बाईंनी वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "सोमवारी नऊला या. लहान मुलं आणि खेळाडू मी बघेन. तिसरे मजले तुमचे. दारावरच्या पाटीवर कुठलं नाव घालायचं तेवढं सांगा. आता दोन दोन नावं नकोत."

"नोंदणीत आहे ते."

"पूर्ण सांगा, मी लिहून घेतेय."

मी जिन्यात सरळ उभी राहिले आणि माझं नाव, वडिलांचं नाव, वडिलांचं आडनाव असं पूर्ण सांगितलं, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि कोणीतरी डोकावून वर पाहिलं.