पलीकडचा पट्टा

हेमावतीच्या हाताला पट्टा आला त्या दिवसापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

हेमावती माझी धाकटी जाऊ. कमरीपेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही दोघी खानावळींसाठी जोंधळ्याच्या भाकऱ्या थापतो. दोघा भावांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. आमचे हे, म्हणजे वसंत, थोरले, आणि हेमावतीचे श्रीकांत भाऊजी धाकटे. दोन्ही खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत आहे. पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडे ऐकू येतं.

हात दोघींचेही कुरकुरत होते, आणि खरं तर माझे आधी. पहाटे जाग यायची ती हाताला मुंग्या आल्यानं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर, जणू कोणा परक्या बाईचा हात माझ्या उशीवर पडलाय. करंगळी मात्र ठणठणीत. उठून हात झटकायचा, तेव्हा कुठे जीव यायचा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "झटक की. झटकलं की जातंय ना?" आणि कूस बदलून घोरायला लागले.

आणि तिकडे श्रीकांत भाऊजी बायकोला घेऊन केशवापूरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. येताना मनगटाला बांधायचा काळा पट्टा आणला, आतून लोखंडी पट्टी घातलेला. रात्री तेवढा बांधून झोपायचं. मी म्हटलं, काय नाटकं!

पण रोज रात्री फळ्यांपलीकडून आधी पट्टा उलगडल्याचा चर्र आवाज यायचा, मग हेमावतीचा लाडिक स्वर, "हळू हो. फार घट्ट झालं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाऊजी तिचा हात हातात घेऊन बसलेत, हळूहळू पट्टा बांधतायत, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. आणि माझ्या शेजारी हा ढोल घोरतोय! थोड्याच दिवसांत हेमावती सकाळी फुललेल्या चेहऱ्यानं उठायला लागली. "अक्का, मस्त झोप लागली," म्हणायची. मला तिचा चेहरा बघवत नव्हता.

एकदा ती दुपारी धारवाडला माहेरी गेली. पट्टा तिच्या खुंटीवर लटकत होता. मी काढला आणि माझ्या उजव्या मनगटावर चढवला. बांगड्यांमुळे नीट बसेना, पण माझ्या बांगड्या घट्ट भरलेल्या. कासारीण हात दाबून दाबून भरते, त्या सहज निघत नाहीत, आणि सवाष्णीनं मनगट मोकळं ठेवायचं नाही हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. मग मी पट्टा बांगड्यांवरूनच आवळला, करकचून. बांधतंय कोण, मीच. म्हटलं, तिला जी झोप मिळते ती एक दुपार मलाही मिळू दे.

उठले तेव्हा पंजा लाकूड झालेला. बांगड्या मनगटात रुतलेल्या. पट्टा परत खुंटीवर टांगला आणि संध्याकाळच्या भाकऱ्यांना बसले. बोटांना अजून नीट समजत नव्हतं. भाकरी उलटताना अंगठा तव्याला टेकला, आणि ते मला कळलं ते वास आल्यावर. केवढा फोड आला!

सगळे धावत आले. हेमावतीही तेवढ्यात माहेरून परतली होती. "अक्का, कसं झालं?"

"कसं काय कसं? तुझ्या त्या पट्ट्यानंच केलं!" मी ओरडले.

श्रीकांत भाऊजी दुकानाची किल्ली हातात फिरवत राहिले. मी जीभ चावली, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. हेमावती खुंटीकडे बघत हळूच म्हणाली, "मागितला असता तर दिला असता की." ह्याचा राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला त्याच डॉक्टरांकडे नेलं. डॉ. राघवेंद्रांनी मला दोन्ही मनगटं खाली वाकवून धरायला लावली. थोड्याच वेळात मुंग्या आल्या. मग त्यांनी अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग चाचपला.

"हे अजून भरलेलं आहे, चांगलं आहे," ते म्हणाले. "मनगटात एक अरुंद वाट असते. तिथून एक नस जाते, अंगठ्याकडच्या बोटांची. झोपेत आपण मनगट मुडपतो, त्या वाटेत दाब वाढतो. पट्टा फक्त मनगट सरळ ठेवतो. तुम्ही बांगड्यांवरून आवळलात, म्हणजे त्या नसेवरच ओझं ठेवलंत. अक्का, बळे तगीरी," असं कानडीत म्हणून त्यांनी मराठीत सांगितलं, "बांगड्या काढायच्या."

"पट्ट्यानं झोप येईल ना?" मी विचारलं. मला तेवढंच हवं होतं. हेमावतीला मिळते ती झोप.

"पुष्कळांना येते, हात झटकायला उठावं लागत नाही म्हणून. सगळ्यांनाच येते असं नाही. सहा आठवडे बांधा, भाकऱ्या कमी करा. रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. बधिरपणा दिवसभर राहायला लागला, अंगठा बारीक व्हायला लागला, तर मात्र थांबायचं नाही, ऑपरेशन करावं लागेल."

हात गेला तर मी काय करणार? घरात माझी किंमत आहे ती ह्या थापणाऱ्या हातामुळे.

बांगड्या वाढवायची माझी तयारी नव्हती. उगाच अपशकुन. तेव्हा हे पहिल्यांदा कामाला आले. दुकानात एकात एक अडकलेले डबे ह्यांच्याइतके कोणी सोडवत नाही. साबणाचं पाणी, थोडा धीर, आणि थोडं थोडं फिरवत नेणं. फोड जपत, अंगठा तळव्यात मुडपून, ह्यांनी एकेक बांगडी उतरवली. एकही फुटली नाही. हेमावतीनं मोकळ्या मनगटाला हळदीचा दोरा बांधला, सैलसर. मग ह्यांनी नवा पट्टा चढवला, खाली आपलं बोट सरकवून बघितलं आणि विचारलं, "घट्ट नाही ना?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्या माणसानं मला असं काही विचारलं नव्हतं.

मान वर केली तर हेमावती दारात उभी. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. रोज आरशात बघत होते ना!

"भावजी बांधतात तुम्हाला," ती म्हणाली.

"तुला नाही बांधत श्रीकांत भाऊजी?"

"त्यांनी पट्टा आणला तो माझ्या तळमळीनं त्यांची झोप मोडते म्हणून. एकदाही हात लावला नाही. मी दातांनी ओढून बांधते."

"मग ते रात्रीचं 'हळू हो, फार घट्ट झालं'?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "फळ्यांपलीकडे तुम्ही जाग्या असता ना," ती म्हणाली.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? चांगला भरपूर झाला.

आता पंधरवडा उलटला. मुंग्या अजून येतात, पण पहाटे उठून हात झटकावा लागत नाही. मी दूधवाल्याच्या हाकेपर्यंत झोपते. हेमावती सकाळी माझा चेहरा निरखून बघते. "भावजी रोज बांधतात?" असं तिनं परवा विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

ह्यांनी चार दिवस बांधला. पाचव्या दिवशी मी पट्टा घेऊन बसले, तोवर हे घोरायला लागले होते. मी एक टोक दातांत धरलं आणि पट्टा ओढला, चर्र. पलीकडे सगळं शांत होतं. मी तोंड फळ्यांकडे वळवलं आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "अहो, हळू. फार घट्ट झालं."