चिकटवलेले गठ्ठे

दुसरीच्या बाईंनी गेल्या वर्षी चाळीस गठ्ठे केले होते. प्रत्येकात मोजून दहा काड्या. वरून डिंक ओतला, त्यावर चिकटपट्टी, आणि तीन दिवस खिडकीत वाळवले. तपासणीला आलेल्या साहेबांनी एक गठ्ठा हातात घेऊन टेबलावर आपटून पाहिला होता. सुटला नाही. साहेब म्हणाले, "वा, मजबूत साहित्य आहे." बाईंना महिनाभर ते वाक्य पुरलं. माणसाला शाबासकी कशाची मिळतेय हे विचारायची सवय नसली की असं होतं.

आता शाळा सुटल्यावर त्या आणि नवी बाई वर्गात बसून पुढच्या धड्याचं टाचण काढत होत्या. नवी बाई म्हणजे याच वर्षी लागलेली पोरगी. बोलायला गोड, पण प्रश्न विचारायची खोड भारी. समोर खोका, आइस्क्रीमच्या सुट्या काड्या, मण्यांच्या माळा, प्लॅस्टिकचे चौकोनी ठोकळे नि दहा-दहा ठोकळ्यांचे अखंड दांडे, लाल-निळ्या चकत्या. धडा स्थानिक किमतीचा, पुढे लगेच वजाबाकी.

"ताई, चकत्या पहिल्याच दिवशी नको ना?" नवी बाई म्हणाली. "निळी चकती म्हणजे दहा, हे पोरांनी का मानावं? तिच्यात दहा दिसतात कुठे? दांड्याचीही अडचणच. त्यावर दहा खुणा दिसतात, पण तो फोडता येत नाही, बदलून घ्यावा लागतो. आधी काड्याच. पोरांनीच मोजायच्या, दहा झाल्या की पोरांनीच बांधायच्या."

"बांधायच्या कशाला? बांधलेल्या तयार आहेत की," बाईंनी खोका पुढे सरकवला.

नव्या बाईने तीन गठ्ठे ठेवले, शेजारी दोन सुट्या काड्या. "बत्तीस. यातून सात काढायच्या. सुट्या दोनच. म्हणजे एक गठ्ठा सोडायचा, मग दोन गठ्ठे आणि बारा सुट्या. तेसुद्धा बत्तीसच. बारातून सात गेल्या, उरल्या पाच. दोन गठ्ठे, पाच सुट्या, पंचवीस." बोलता बोलता ती गठ्ठा सोडवायला गेली. नखाने उकरला, पिळला. शेवटी हसली. "अगंबाई, नख तुटलं माझं! ताई, हा सुटणार कसा?"

"सुटू नये म्हणूनच तर चिकटवलाय."

"मग पोरांना दशक सुटं करायचं शिकवणार कसं?"

बाई काहीतरी खरमरीत बोलायच्या बेतात होत्या. पण तेवढ्यात त्यांना भिंगरी आठवली.

भिंगरी गेल्या वर्षी, बाई पहिलीला शिकवत होत्या तेव्हा, त्यांच्याच वर्गात होती. एका जागी ठरत नसे म्हणून ते नाव बाईंनीच पाडलेलं. एकदा बाईंनी एकेकापुढे दोन गठ्ठे, चार सुट्या ठेवून सहज चोविसातून सहा मागितल्या. बाकीच्या पोरांनी चारच काड्या पुढे केल्या. भिंगरीने गठ्ठा तोंडात धरला, दातांनी चिकटपट्टी फाडली, बाकाच्या कडेवर आपटून डिंक फोडला आणि दोन काड्या ओढून काढल्या. त्यातली एक मोडली. "घ्या बाई, सहा!" म्हणाली.

बाईंनी तिच्या दोन्ही हातांवर पट्टी मारली होती. हलकीच, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. हलकी नव्हती. "मोडतोड करते, सूचना पाळत नाही, संख्याज्ञान कच्चे," असा शेरा त्यांनी झोकदार अक्षरात लिहिला होता. त्या शेऱ्यावर पोरीला मागच्या खोलीत बसवलं. मागची खोली म्हणजे कच्च्या पोरांची. तिथे चित्रं रंगवायची, शंभरपर्यंत म्हणायचं आणि घंटा झाली की घरी. तिथून पुढच्या वर्गात आलेलं पोर कुणाला आठवत नाही.

आणि चाळीस पोरांत दशक ज्या एकीला कळलं होतं, ती भिंगरी.

बाई तशाच उठून मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत गेल्या. सगळं सांगितलं, पट्टीसकट. मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"शेरा तुमचाच ना? सहीही तुमचीच?"

"हो. चुकला माझा शेरा."

"बाई, असं उठून रोज शेरे बदलायला लागलो तर शाळा चालेल का? मागच्या खोलीतल्या पोरांची यादी उद्या वर कचेरीत जायची आहे. सकाळी माझ्यासमोर करून दाखवू दे तिला. जमलं तर तुमच्या वर्गात, नाहीतर वर्षभर मागेच."

"मला आठवडाभर तिच्यासोबत बसू द्या."

"आठवडा कुठून आणू? यादी उद्या म्हटलं ना मी."

सकाळी बाई रबर आणि सुट्या काड्या घेऊन आल्या. तीन गठ्ठे मोजून बांधले. रबर असं सैल की बोट लावलं की सुटेल. भिंगरी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. भिंगरी कसली? खांब झाली होती. बाई तिच्यापाशी थांबल्या. त्यांना म्हणायचं होतं, बाळा, त्या दिवशी तुझं बरोबर होतं, मी मारलं ते चुकलं. दोन वाक्यं होती, जास्त नाही. पण शेजारून शिपाई बादली घेऊन गेला, दोन पालक उभे होते, आणि बावीस वर्षं बाई म्हणून जगलेल्या जिभेला ती वाक्यं झेपली नाहीत.

"आज नीट वाग हं," त्या म्हणाल्या.

पोरीने मान हलवली.

मोठ्या बाईंच्या टेबलावर तीन गठ्ठे, दोन सुट्या. "किती गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तीन गठ्ठे, दोन सुट्या. बत्तीस."

"शाब्बास. मला सात दे."

भिंगरीने दोन सुट्या पुढे केल्या आणि हात मांडीवर घेतले.

"आणि बाकीच्या पाच?"

"सुट्या संपल्या."

"अगं, गठ्ठ्यातल्या घे ना."

पोरीने आधी मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे. "गठ्ठा मोडायचा नसतो."

"मोड. मीच सांगतेय," बाई म्हणाल्या.

"नाही. मी आता शहाणी झालेय बाई."

बाई पुढे सरकल्या. त्यांनी स्वतःच रबर काढलं. दहा काड्या टेबलभर पसरल्या. भिंगरी दचकली. झरझर सगळ्या गोळा केल्या, ओठ हलवत मोजल्या, दहा भरल्यावर त्याच रबराने गच्च बांधल्या आणि गठ्ठा होता त्या जागी ठेवला. मग हात परत मांडीवर.

"बघा! बघा ना, दहा मोजून बांधला तिने!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "तिला कळतंय हो सगळं!"

"मोजता येतं, पण वजाबाकी येत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, घाई होती. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा शेरा बरोबरच होता." आणि त्यांनी यादी पुढे ओढली.

बाईंनी खुर्चीवरून उठून पोरीपुढे उकिडवं बसत म्हटलं, "भिंगरी, माझं चुकलं होतं गं. तू गठ्ठा फोडलास ते बरोबर होतं. मी मारायला नको होतं."

पोरीने त्यांच्याकडे एकटक पाहिलं. बाई आता पुन्हा कसली परीक्षा घेतायत हे तिला समजेना. उत्तर काय दिलं की सुटका होईल, एवढंच ती शोधत होती.

"परत नाही फोडणार," ती म्हणाली. "जाऊ?"