लाल काडी दिसली नाही

सांगली, १९४६. पलटणीतून सुटून नाथाजी घरी आला, तो खोकला घेऊन. मुलगी तो रजेवर येऊन गेल्यानंतर जन्मलेली. बापाला तिने अजून जवळून पाहिलेले नाही. बायको रंगूबाईने सांगून टाकले : क्षय नाही असे डॉक्टर म्हणेपर्यंत पोर बापाच्या मांडीवर जाणार नाही.

काच, पहिली.

डॉक्टर मोहिद्दीन यांनी थुंकी काचेवर पसरली, रंग दिला, सूक्ष्मदर्शकात पाहिली. क्षयाचे जंतू असते तर निळ्या रंगावर लाल काड्या दिसल्या असत्या. दिसल्या नाहीत.

"न्हाई म्हंजे न्हाई!" नाथाजीची आई बनुबाई उठली. "चल गं, पोर दे त्याच्याकडं."

"बसा, मावशी. यात नुसत्या गालाच्या पेशी आहेत. ही तोंडातली लाळ आहे, छातीतला बेडका नाही. लाळेत जंतू सापडले नाहीत, यावरून छातीबद्दल काय कळणार?"

नाथाजी खाली बघत म्हणाला, "सायेब, चूळ भरून सोच्छ दिलं. डाक्टरम्होरं घाण कशी द्याची?"

"घाणच हवी होती, गड्या."

जबाब, बनुबाईचा.

"आमच्या घरात क्षय कुणालाच न्हाई."

"सासरे कशानं गेले?"

"खोकल्यानं."

"आणि दीर?"

"त्योबी खोकल्यानंच." मग रागाने, "क्षय असं कोन म्हनल? घरच्या पोरी कोन करून घेईल?"

डॉक्टरांनी हा जबाब बाजूला ठेवला. जे नाव घरात कोणी उच्चारणारच नाही, ते ऐकू आले नाही यात नवल काय?

जबाब, रंगूबाईचा.

"खोकताना रक्त पडलं का कधी?"

"न्हाई."

"कशावरून?"

"कपडं मी धुते, उशीबी मीच. पडलं असतं तर दिसलं असतं."

हे डॉक्टरांनी धरले.

काचा, पुढच्या.

लागोपाठ काही दिवस, सकाळी, चूळ न भरता, खोल खोकून काढलेला घट्ट बेडका. लाल काडी एकाही काचेवर नाही. मिरजेला छातीचा फोटो काढला. फुफ्फुसावर डाग नाही. "क्षय नाही," डॉक्टर म्हणाले.

"आदी काचंवर न्हाई दिसलं तवा तुमी मानलं न्हाई," रंगूबाई म्हणाली. "आता का?"

"आधी चुकीच्या जागी शोधत होतो. आता, क्षय असता तर जिथं दिसायला हवा तिथं पाहिलं. एका काचेवर नसतं मानलं. सगळं मिळून मानतो. शंभर टक्के नाही म्हणत. महिन्यानं परत दाखवा."

"तवर?"

"तुमच्या जागी मी असतो तर पोर दिली असती."

"तुमी न्हाई ना, आवं. मी हाय."

बनुबाईने कपाळाला हात लावला.

रंगूबाई उठून नवऱ्याजवळ गेली. मग तिने पोर त्याच्या मांडीवर ठेवली. नाथाजीने पोरीकडे पाहिले आणि लगेच तोंड फिरवले. खोकला येत होता.


रंगूबाईचा हात पोरीपाशीच होता. तिने तो मागे घेतला.