आई चार ओळींत

निबंध लिहून झाला आणि धाकटा स्वतःच तो वाचून रडला. म्हणजे जमलाय, असं त्याला वाटलं.

निबंध शिष्यवृत्तीसाठी होता. ती मिळाली तर पुढचं शिक्षण, नाही तर मिळेल ती नोकरी. मार्कलिस्टमध्ये तिसऱ्या वर्षाचं एक सेमिस्टर किडक्या दातासारखं दिसत होतं. दोन विषय नापास. ते का, हे कुठेतरी सांगायलाच हवं होतं. आणि कारण साधं होतं. त्या सेमिस्टरला आई गेली होती.

कॉलेजात पोरांचे निबंध तपासून देणारे एक सर होते. पोरं त्यांना मागून 'कात्री' म्हणायची. कात्रीसरांनी दोन पानं शांतपणे वाचली. डायलिसिसचं मशीन, आईचा सुजलेला हात, शेवटचा श्वास, सगळं वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "आई दिसली. तू कुठे आहेस यात?"

धाकट्याने पानं उलटून पाहिली.

सरांनी पेन्सिल एका वाक्यावर टेकवली. आईच्या मशीनमधली गाळणी बघून मी पाणी गाळणाऱ्या पडद्यांवर काम करायचं ठरवलं, असं ते वाक्य होतं. सरांनी विचारलं, पडद्यांचा प्रोजेक्ट कधी सुरू केलास? धाकटा म्हणाला, दुसऱ्या वर्षी. आणि आई आजारी कधी पडली?

"तिसऱ्या," धाकटा म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

"मग हे खोटं आहे," सर म्हणाले. "स्वतःच्या कामाचं श्रेय आईच्या आजाराला देऊ नकोस. हे वाचणारी माणसं असे ढीगभर निबंध वाचतात. त्यांना तुझी दया येईलही, पण दयेवर जागा देत नाहीत. काय झालं, त्याने अभ्यासाचं काय झालं, नंतर तू काय केलंस. एवढं पुरे. उरलेल्या जागेत तुझं काम सांग."

धाकटा मनातल्या मनात शिव्या घालत घरी आला. कुणाची आई, कुणाची कात्री. पण रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्याने दीड पान उडवलं. पडदे का तुंबतात, आपण काय करून पाहिलं, कुठे फसलो, हे लिहिताना बोटं भराभर चालली. आईच्या वेळी अडली. शेवटी ते असं उतरलं:

'तिसऱ्या वर्षात माझी आई किडनीच्या आजाराने गेली. त्या सेमिस्टरला मी दोन विषयांत नापास झालो. घरची जबाबदारी सांभाळून मी पुढच्या वर्षी दोन्ही विषय सोडवले. त्याच वर्षी माझा प्रोजेक्टही पूर्ण केला.'

लॅपटॉप त्याने ताईकडे सरकवला. ताई औषधांच्या दुकानातून नुकतीच आली होती. पाय खुर्चीवर टाकून तिने वाचलं.

"चार ओळींत आई," ती म्हणाली. "बरंय. बडबड तिलाही आवडायची नाही."

मग तिचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. "हे कोण रे? घरची जबाबदारी सांभाळणारा?"

धाकट्याने ती ओळ पुन्हा वाचली. आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला नेणारी ताई. फार्मसीचं शेवटचं वर्ष सोडून काउंटरवर उभी राहिलेली ताई. आई गेली तेव्हा हा लॅबमध्ये होता आणि याचा फोन लॉकरमध्ये. ते ना पहिल्या निबंधात होतं, ना दुसऱ्या.

"तसं लिहायची पद्धत आहे," तो पुटपुटला.

"असेल. मला कुठे माहीत असायला? माझ्याकडे नापास व्हायलाही सेमिस्टर उरलं नाही."

ती हसली. त्या हसण्यापेक्षा तिने थोबाडीत दिली असती तर बरं, असं त्याला झालं. त्याने लॅपटॉप ओढून घेतला. ती ओळ खोडली. लिहिलं: 'माझ्या बहिणीने स्वतःचं शिक्षण सोडून घर सांभाळलं, म्हणून मी पुढच्या वर्षी दोन्ही विषय सोडवू शकलो.' परत तिला दाखवलं.

ताईने नवी ओळ वाचली. "आता मलाही विकायला काढलंस," ती म्हणाली.

"काढून टाकू?"

"नको. खरं आहे ते. फक्त 'त्याग' वगैरे घालू नकोस पुढे. मी केला नाही. माझ्यावर आला."

तो सबमिटच्या बटणावर बोट ठेवून बसला. "नाही मिळाली तर?"

"तर तुझं काम कमी पडलं म्हणायचं." ताई ताटं घ्यायला उठली. "ते पहिलं पाठवलं असतंस आणि नाही म्हणाले असते, तर आईला नाही म्हटल्यासारखं झालं असतं. पाठव. आणि मग भांडी तुझ्याकडे. घरची जबाबदारी."

त्याने बटण दाबलं. नळाखाली भांडी घासताना त्याला पहिल्या निबंधासारखं रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसती लाज आली, आणि ती कुठल्याच ओळीत बसत नव्हती.